लाइन लिस्ट : तारीख नेमकी कुठली?

या आठवड्यात साथीचा आलेख काढायला घ्यायचा, असे ठरले होते. पण लोणंदहून आलेल्या एका पत्राने तो बेत पुढे ढकलला आहे. पत्र लिहिणाऱ्या सिस्टर खंडाळा तालुक्यातल्याच एका रुग्णालयात काम करतात. मागच्या लेखातले रकाने आखून त्या भरायला बसल्या आणि चौथ्याच रकान्यावर अडल्या. “आजार सुरू झाल्याची तारीख असा रकाना तुम्ही सांगितलात. पण ती तारीख केस पेपरवर कुणी लिहितच नाही. दाखल झाल्याची असते, राउंडची असते, रिपोर्टची असते. मग मी कुठली घालू?” आलेख उभा राहतो तो याच रकान्यावर. त्यामुळे हा लेख त्या एका रकान्याचा.

तीस खाटांचे एक रुग्णालय घेऊ. सोयीसाठी रचलेले, पण कागद नेहमीचेच. ऑगस्टचा पहिला पंधरवडा. स्त्री विभागात बेड 7 वर पायाच्या जखमेसाठी एक बाई 5 तारखेला सकाळी 10 वाजता दाखल झाल्या. पुढच्या चार-पाच दिवसांत त्या विभागात आणि शेजारच्या प्रसूती विभागात मिळून चौघींना जुलाब लागले. संसर्ग नियंत्रण समितीने यादी मागितली. व्याख्या ठरली ती अशी : या काळात दाखल असलेली, चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ शौचाला झालेली व्यक्ती.

बेड 7 च्या बाईंविषयी कागद काय म्हणतात? डॉक्टरांच्या 8 तारखेच्या राउंडच्या नोंदीत एवढेच आहे की दोन दिवसांपासून जुलाब. शौचाचा नमुना 9 तारखेला गेला. प्रयोगशाळेच्या रजिस्टरात रिपोर्टची तारीख 11 आहे. यादी घाईत करणारा माणूस बहुतेक वेळा प्रयोगशाळेचे रजिस्टर उघडतो, कारण ते एका जागी असते आणि अक्षर वाचता येते. मग बेड 7 पुढे 9 किंवा 11 तारीख पडते.

खरी तारीख सापडते ती सिस्टरांच्या रिपोर्ट बुकात. पाळी बदलताना ओव्हर देण्यासाठी जे लिहिले जाते, ते पुस्तक. त्यात ‘6/8 रात्र’ या मथळ्याखाली एक ओळ आहे : बेड 7, पहाटे 3 नंतर दोन वेळा लूज मोशन, ओआरएस दिले. पुढच्या पानावर सकाळपाळीची नोंद : 11 वाजता पुन्हा एकदा.

इथे पहिला खड्डा आहे. मथळा 6 तारखेचा असला तरी पहाटेचे 3 म्हणजे 7 तारीख. रात्रपाळी संध्याकाळी सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संपते, पण मथळा एकाच तारखेचा राहतो. रात्रपाळीची नोंद उतरवताना वेळ पाहायची आणि मध्यरात्र उलटली असेल तर तारीख एकने पुढे न्यायची. ही चूक एकाच दिवसाची असते, पण ती रात्रपाळीच्या प्रत्येक रुग्णाला लागते आणि सगळी यादी थोडी थोडी मागे सरकते.

दुसरा खड्डा अधिक खोल आहे. पहिला जुलाब 7 तारखेच्या पहाटे 3 ला, तिसरा त्याच दिवशी 11 ला. मग आजार सुरू कधी झाला? व्याख्या तीन जुलाबांची आहे म्हणून 11 वाजता, असे म्हणावेसे वाटते. दाखल झाल्यापासूनचे तास मोजून पाहिले की फरक कळतो. पहाटे 3 पर्यंत 41 तास होतात आणि 11 वाजेपर्यंत 49. दाखल होऊन 48 तास उलटल्यावर सुरू झालेला संसर्ग रुग्णालयातला धरायचा, असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे एका हिशेबाने बाईंनी आजार घरून आणला आणि दुसऱ्या हिशेबाने तो त्यांना रुग्णालयात लागला. नोंद तीच, बाई त्याच.

यावर उपाय एकच : नियम आधी लिहून ठेवायचा. व्याख्या फक्त एवढे ठरवते की रुग्ण यादीत घ्यायचा की नाही. एकदा घेतला की सुरुवातीची तारीख म्हणजे पहिल्या लक्षणाची वेळ. बेड 7 पुढे 7 ऑगस्ट, पहाटे 3 असे लागते.

आता उरलेल्या तिघी. त्या सगळ्या 3 तारखेच्या आत दाखल झालेल्या. बेड 6 ला 8 तारखेच्या संध्याकाळी जुलाब सुरू झाले, बेड 8 ला त्याच रात्री 10 ला, प्रसूती विभागातल्या बाईंना 9 च्या सकाळी. बेड 7 समोर प्रयोगशाळेची 9 किंवा 11 तारीख राहिली असती, तर त्या यादीत शेवटच्या आल्या असत्या आणि समितीने स्वयंपाकघर किंवा पाण्याची टाकी तपासायला घेतली असती. खऱ्या तारखेने त्या पहिल्या येतात. दोन्ही बाजूच्या खाटा त्यांच्या पाठोपाठ दीड-दोन दिवसांत येतात. प्रश्न लगेच बदलतो : बेड 7 वरून शेजारी आणि प्रसूती विभागात काय गेले? कमोड खुर्ची, बेडपॅन, की तीच मावशी दोन्हीकडे होती?

48 तासांच्या रेषेवर मात्र फार विसंबू नये. जुलाबाच्या काही विषाणूंना, उदाहरणार्थ नोरोव्हायरसला, लागण झाल्यापासून लक्षण दिसायला 12 ते 48 तास पुरतात. तेव्हा 41 तासांनी आजारी पडलेल्या बाईंना तो रुग्णालयातही लागलेला असू शकतो. यादीत त्यांच्या स्रोताच्या रकान्यात ‘अनिश्चित’ लिहिणे हेच बरोबर.

पत्रात आणखी एक ओळ आहे. सिस्टर लिहितात, “आमच्या रिपोर्ट बुकाला कोणी विचारत नाही.” साथीच्या शोधात त्या पुस्तकाइतका उपयोगी कागद वॉर्डात क्वचितच असतो. डॉक्टरांची नोंद आजाराभोवती फिरते. सिस्टरांची नोंद घड्याळाभोवती फिरते.

घड्याळाभोवतीच्या या नोंदी संसर्ग नसतानाही कशा उपयोगी पडू शकतात, याच्या उदाहरणासाठी मुंबईला जाऊ. 1986 च्या जानेवारी-फेब्रुवारीत जे. जे. रुग्णालयात 14 रुग्ण दगावले. त्यांना ग्लिसरीन देण्यात आले होते. मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी ते तोंडावाटे देत, कारण ते रक्तात गेले की मेंदूतले आणि डोळ्यातले पाणी ओढून घेते. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक वापराचे विषारी द्रव्य होते आणि त्याने मूत्रपिंडे बंद पडली. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने पुढे या सगळ्याची चौकशी केली. औषध खरेदी आणि तपासणीची साखळी कुठे कुठे तुटली होती, ते त्या अहवालामुळे महाराष्ट्राला कळले.

तो संसर्ग नव्हता. पण वॉर्डात जे दिसते ते साथीसारखेच असते : एकाच सुमारास अनेक जण एकाच तऱ्हेने खालावतात. आज अशा घटनेची यादी वॉर्डाच्या कागदांवरून करायची झाली तर कशी करता येईल, एवढेच इथे पाहू. रुग्णाचे निदान इथे मदतीला येत नाही. एकाच्या पेपरवर मेंदूची गाठ असते, दुसऱ्याच्या पेपरवर काचबिंदू. विभाग वेगळे, डॉक्टर वेगळे, वय वेगळे. प्रत्येक मृत्यू आपापल्या आजाराने झाला असे वाटू शकते. सारखे असते ते फक्त एक : लघवी आटली. ती वेळ निदानाच्या पानावर सापडत नाही, सिस्टर भरतात त्या इनटेक-आउटपुट चार्टवर सापडते.

प्रौढ माणसाची चोवीस तासांतली लघवी 400 मिलिलिटरच्या खाली गेली की मूत्रपिंड संकटात आहे असे धरतात. म्हणून सुरुवातीचा नियम असा करता येईल : चार्टवर ज्या चोवीस तासांत बेरीज पहिल्यांदा 400 च्या खाली उतरली, तो दिवस. इथेही एक फसवणूक आहे. हिंडता-फिरता रुग्ण स्वतः शौचालयात जातो आणि चार्टवर नुसते ‘पास्ड’ असे लिहिले जाते, मिलिलिटर नाहीत. बेरीज कमी भरते आणि बरा माणूस आजारी दिसतो. ज्याच्या चार्टवर असे शब्द आहेत त्याची बेरीज धरायची नाही, त्याऐवजी क्रिएटिनिनचे रिपोर्ट पाहायचे. ज्याला कॅथेटर आहे त्याच्या पिशवीचे आकडे जास्त भरवशाचे.

तारीख अशी मिळाली की औषधांच्या चार्टवर मागे जायचे आणि त्या आधीच्या तीन-चार दिवसांत काय काय दिले ते सगळे उतरवायचे. संशय असलेलेच नव्हे, सगळे. पोटात दिलेले, शिरेतून दिलेले, जखमेवर लावलेलेही. मग त्याच विभागात त्याच दिवशी असलेले, पण लघवी नीट होत राहिलेले रुग्ण घेऊन त्यांचीही तशीच ओळ लिहायची. आजारी पडलेल्या सगळ्यांच्या ओळीत ग्लिसरीन आहे एवढे पुरत नाही, कारण त्या सगळ्यांच्या ओळीत सलाइनही असते. बऱ्या राहिलेल्यांच्या ओळीत सलाइन सापडते आणि ग्लिसरीन सापडत नाही, तेव्हा बोट ठेवता येते. औषधाच्या नावाशेजारी बॅच नंबरचाही रकाना हवा. मोठ्या डब्यातून वॉर्डातल्या लहान बाटलीत औषध ओतले की तो नंबर हरवतो. अशा वेळी बाटली भरल्याची तारीख तरी लिहावी.

खंडाळ्याकडे परत येऊ. यादी संगणकावर चढवताना सिस्टरांना आणखी एक अडचण येईल, ती आधीच सांगून ठेवलेली बरी. एक्सेलमध्ये 7/8 टाइप केले आणि संगणकाची मांडणी अमेरिकन असली, तर तो त्याला 8 जुलै समजतो. तक्रार काहीच करत नाही. 13/8 टाइप केले की मात्र तेरावा महिना नसल्यामुळे ते नुसता मजकूर म्हणून पडून राहते. ओळखायची खूण सोपी आहे : खरी तारीख चौकटीत उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. एकाच रकान्यात काही डावीकडे आणि काही उजवीकडे दिसले, तर उजवीकडच्यांवरही विश्वास ठेवू नये, कारण 12 तारखेपर्यंतच्या सगळ्या उलटलेल्या असू शकतात. `2025-08-07` असे वर्ष आधी घालून लिहिले की हा घोळ होत नाही.

गावाच्या रकान्यातही नुसते ‘खंडाळा’ लिहू नये. लोणावळ्याजवळचा खंडाळा वेगळा, हा खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा वेगळा, आणि राज्यात आणखीही खंडाळे आहेत. यादी जिल्ह्याला गेली आणि तिथून पुण्याच्या प्रयोगशाळेत, तर तिथला माणूस त्याच्या ओळखीचा खंडाळा धरणार. गाव, तालुका, जिल्हा असे तीन स्वतंत्र रकाने हवेत. याविषयी लिहायचे बरेच आहे, पण ते पुढे एका लेखात नावांच्या घोळाबरोबर येईल. माहेरी बाळंतपणाला आलेली बाई एका रजिस्टरात माहेरच्या आणि दुसऱ्यात सासरच्या आडनावाने कशी असते, आणि इनडोअर नंबर का लागतो, तेही तिथेच.

सिस्टरांचा शेवटचा प्रश्न उरला : कुठेच तारीख सापडली नाही तर? अंदाजाने एक तारीख घालू नये. दोन रकाने करावेत, लवकरात लवकर आणि उशिरात उशिरा. रात्री 8 च्या ओव्हरमध्ये रुग्ण ठीक होता आणि सकाळी 8 च्या ओव्हरमध्ये जुलाब चालू आहेत असे लिहिले असेल, तर सुरुवात त्या बारा तासांत कुठेतरी आहे. तेवढे लिहावे, आणि शेजारच्या रकान्यात ते कुठून घेतले ते : रिपोर्ट बुक, पान अमुक. पुढच्या आठवड्यात आलेख काढताना अशा बारा तासांच्या माणसाचा चौकोन कुठल्या दिवसावर ठेवायचा, तिथून सुरुवात करू.