ओझरच्या आकाशातला दुहेरी दणका

नाशिककरांना आकाशातल्या आणि जमिनीवरच्या मोठ्या आवाजांची सवय आहे. देवळालीच्या तोफखाना केंद्राचा सराव सुरू झाला की दूरवर धडाड-धडाड ऐकू येतं. डोंगर फोडणाऱ्या दगडखाणींत सुरुंग लागतात. कळवणमध्ये दळवट परिसर अधूनमधून खरोखरच हादरतो. याशिवाय आणखी एक आवाज इथल्या माणसांच्या ओळखीचा झाला आहे, पण तो झाला की दर वेळी नव्याने धावपळ उडते. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतच्या बाजूला भर दिवसा एकाएकी प्रचंड दणका बसतो, खिडक्यांची तावदानं थरथरतात, दुकानांची शटर खडखडतात, माणसं अंगणात येऊन वर बघतात आणि आकाश मोकळं असतं. फोन सुरू होतात. भूकंप झाला का, कुठे स्फोट झाला का?

बऱ्याचदा या आवाजाचं मूळ ओझरला असतं. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना १९६४ साली इथे उभा राहिला तो मिग-२१ साठी. ध्वनीच्या दुप्पट वेग गाठणारं हे विमान इथे जोडलं जाऊ लागलं. त्यानंतर मिग-२७ आलं, मग सुखोई-३० एमकेआय. १७ ऑक्टोबर २०२५ ला इथे बांधलेल्या तेजस मार्क-१ए ने पहिलं उड्डाण केलं. शेजारीच हवाई दलाचा ११ क्रमांकाचा दुरुस्ती डेपो आहे, तिथे लढाऊ विमानं पूर्ण उघडून पुन्हा जोडली जातात. विमान नवं असो की नव्याने जोडलेलं, ते सोपवण्याआधी हवेत तपासावंच लागतं. इंजिन, हवा आत घेणारी तोंडं, नियंत्रणाचे पृष्ठभाग हे सगळं ध्वनीच्या अलीकडे एक वागतं आणि पलीकडे वेगळं. म्हणून अशा तपासणीत ध्वनीपेक्षा जास्त वेगाचा टप्पा येऊ शकतो. तो टप्पा उंचावर होतो, आणि त्याचा आवाज खाली शेतात पोचतो.

आवाज म्हणजे हवेतल्या दाबाची चाल. विमान हवा ढकलतं, ती ढकल लहरींच्या रूपाने सगळीकडे पसरते. विमान हळू असेल तर लहरी त्याच्या पुढे निघून जातात आणि पुढची हवा बाजूला सरकायला सुरुवात करते. विमान लहरींपेक्षा जोरात निघालं की पुढच्या हवेला काहीच आगाऊ कळत नाही. विमान येऊन आदळतं तेव्हाच ती दाबली जाते. वाटेत निर्माण झालेल्या लहरी एकमेकींवर चढतात आणि विमानाच्या मागे शंकूच्या आकाराचा, अतिशय पातळ, तीव्र दाबाचा पडदा तयार होतो. त्याला आघात तरंग म्हणतात. बंदुकीच्या गोळीभोवतीचा असा तरंग एर्न्स्ट माख आणि पेटर साल्खर यांनी छायाचित्रात पकडला आणि १८८७ मध्ये प्रसिद्ध केला. आज वेग मोजताना आपण माखचंच नाव घेतो. माख १ म्हणजे त्या ठिकाणच्या ध्वनीइतका वेग.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. विमानाने 'ध्वनीची भिंत फोडली' त्या एका क्षणी दणका होतो, असं मानलं जातं. तसं नाही. विमान ध्वनीपेक्षा जोरात उडत असेपर्यंत तो शंकू त्याच्या मागे सतत ओढला जातो. शंकूची कडा जमिनीवरून सरकत जाते आणि ती ज्या गावावरून जाईल त्या गावाला दणका एकदाच बसतो. वैमानिकाला तो ऐकूच येत नाही, कारण तो शंकूच्या पुढे असतो.

समजा, सुखोई अकरा किलोमीटर उंचीवर माख १.४ ने जात आहे. त्या उंचीवरच्या थंड हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३०० मीटर असतो, म्हणजे विमान सेकंदाला ४२० मीटर, मिनिटाला पंचवीस किलोमीटर जातं. ते बरोबर डोक्यावरून गेलं तरी दणका पोचायला जवळपास अर्धा मिनिट लागतो आणि तोवर विमान दहा-अकरा किलोमीटर पुढे निघून गेलेलं असतं. आकाश मोकळं दिसतं ते याचमुळे. शिवाय शंकू दोन्ही बाजूंना पसरलेला असतो. या उंचीवरून जमिनीवर पडणारा आवाजाचा पट्टा पन्नास-साठ किलोमीटर रुंद असू शकतो. ज्याच्या डोक्यावरून विमान गेलंच नाही, तोही शेतकरी दचकतो.

याहून लांबही आवाज जातो. २० मे २०२० ला बंगळूरु शहर अशाच दणक्याने हादरलं होतं. संरक्षण खात्याने खुलासा केला की ते हवाई दलाच्या चाचणी उड्डाणातलं विमान होतं, शहराच्या हद्दीबाहेर नेमून दिलेल्या क्षेत्रात उडत होतं आणि ३६ ते ४० हजार फुटांवर ध्वनीच्या वेगाखाली येताना हा आवाज झाला असावा. असा आवाज ६५ ते ८० किलोमीटरवरूनही ऐकू येतो, असंही त्यांनी सांगितलं. वेग कमी करतानाचा आवाज एवढा दूर का जावा? आघात तरंग विमानापासून सरळ खाली निघत नाही, पुढे झुकून निघतो. माख १.४ ला तो सुमारे ४४ अंशांनी खाली उतरतो. वेग जसा माख १ च्या जवळ येतो तसा तो आडवा होत जातो आणि उड्डाणाच्या दिशेने लांबवर पुढे जातो. विमान वेळेत मंदावलं, वळलं, तरी आधीच सुटलेला तरंग आपल्या वाटेने शहरापर्यंत जातो.

मग दणका बसल्यावर तो सुखोईचा की भूकंपाचा, हे कसं ओळखायचं? पहिली खूण म्हणजे आवाज जोडीने येतो. विमानाच्या नाकाशी दाब एकदम वाढतो, मग तो हळूहळू नेहमीपेक्षाही खाली उतरतो आणि शेपटीशी पुन्हा एकदम पूर्ववत होतो. हे दोन झटके लढाऊ विमानाच्या बाबतीत साधारण सेकंदाच्या दहाव्या भागाच्या अंतराने येतात. लक्ष देऊन ऐकलं तर 'धड-धड' असं कळतं. दुसरी खूण म्हणजे काय हललं. हवेतून आलेला झटका तावदानं, दारं, पत्रे हलवतो. भूकंपात पायाखालची फरशी हलते आणि टांगलेला दिवा झुलत राहतो.

तिसरी खूण उपकरणांची. नाशिकच्या 'मेरी' संस्थेत भूकंपमापन होतं. भूकंपाची पहिली लहर खडकातून सेकंदाला पाच-सहा किलोमीटर वेगाने येते आणि पाठोपाठ संथ, जास्त हलवणारी दुसरी लहर येते. विमानाचा दणका जमिनीवरून विमानाच्याच वेगाने सरकतो. म्हणून त्याच्या मार्गावर पन्नास किलोमीटर अंतरावरच्या दोन केंद्रांवर भूकंपाची लहर दहाएक सेकंदांच्या फरकाने नोंदली जाईल, तर सुखोईच्या दणक्यात दोन मिनिटांचा फरक पडेल. त्यामागे दुसरी लहरही नसेल. गावोगावच्या लोकांनी आवाजाची नेमकी वेळ लिहून ठेवली, तरी विमान कोणत्या दिशेने गेलं ते नकाशावर काढता येईल.

एवढ्या घबराटीमागचा दाब मात्र आश्चर्य वाटावं इतका थोडा असतो. उंचावरून जाणाऱ्या विमानाचा दणका जमिनीवर साधारण ५० ते १०० पास्कल भरतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा हजारावा भाग किंवा त्याहून कमी. लिफ्टने दीड मजला चढलो की ५० पास्कलचा फरक पडतो आणि कानाला पत्ताही लागत नाही. पण लिफ्टमध्ये तो काही सेकंदांत पडतो, इथे काही हजारांश सेकंदांत. कान आणि काच या एकाएकीपणाला दाद देतात. ५० पास्कल म्हणजे एक चौरस मीटर तावदानावर पाच किलो वजनाइतका जोर, आणि तीन मीटर लांब-रुंद शटरवर पंचेचाळीस किलोचा. नीट बसवलेली काच हे सोसते. आधीच तडकलेली, सैल किंवा ताणात बसवलेली काच जाऊ शकते. विमान फार खालून गेलं, तर गोष्ट बदलते. तसंच वेग वाढवताना, वळताना किंवा सूर मारताना वेगवेगळ्या क्षणी सुटलेले तरंग एकाच जागी एकत्र येतात आणि तिथे दाब नेहमीच्या दोन ते पाच पट होतो. म्हणून एका गावात काचा फुटतात आणि शेजारच्या गावात नुसता आवाज होतो. नुकसानीची तक्रार पाहणाऱ्याने हे ध्यानात ठेवायला हवं. 'शेजारी काही झालं नाही' एवढ्यावरून कोणाला खोटं ठरवता येत नाही.

लढाऊ विमानाची चाचणी कधीतरी होते. प्रवासी विमान रोज त्याच वाटेने जाईल, आणि खरा प्रश्न तिथे आहे. ओझरचा कारखाना सुरू झाला त्याच १९६४ साली अमेरिकेने ओक्लाहोमा सिटीवर याचा प्रयोग केला. ३ फेब्रुवारीपासून सहा महिने, दिवसाला आठपर्यंत, एकूण १,२५३ दणके त्या शहरावर सोडले गेले. वेळा ठरलेल्या होत्या आणि लोकांना कल्पना होती. तरी शेवटी सुमारे चौथा हिस्सा लोक म्हणाले की याच्यासोबत राहणं जमणार नाही. १९७३ मध्ये अमेरिकेने नागरी विमानांना जमिनीवरून ध्वनीपेक्षा जोरात उडायला बंदी घातली. काँकॉर्डला भारताच्या हद्दीतही हा वेग घेऊ दिला गेला नाही आणि लंडन–बहारीन–सिंगापूर सेवा १९८० मध्ये बंद पडण्यामागचं तेही एक कारण होतं.

हा नकार मला योग्य वाटतो, आणि त्याचं कारण मुंबई–नागपूर मार्गावर मांडून बघता येतं. काँकॉर्ड सतरा किलोमीटर उंचीवरून उडायचं, त्यामुळे पट्टा साधारण ऐंशी किलोमीटर रुंद. सरळ रेषेत अंतर सुमारे ७०० किलोमीटर. सुरुवात-शेवटाचा थोडा भाग सोडला, तरी संगमनेर, छत्रपती संभाजीनगर, अकोला, अमरावती सगळे पट्ट्यात येतात. पूर्ण लांबी धरली तर जवळपास ५६ हजार चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या सहाव्या हिश्श्याहून जास्त. विमानात बसणार शंभर माणसं आणि दचकणार कोट्यवधी, तेही रोज, फेरीगणिक. विमानतळाचा गोंगाट विमानतळाशेजारी राहणाऱ्याला सोसावा लागतो. हा आवाज मात्र विमानतळ कधी न पाहिलेल्या गावालाही सोसावा लागतो.

आता नियमांचा पुन्हा विचार सुरू आहे. नासाचं एक्स-५९ हे लांबलचक नाकाचं विमान २८ ऑक्टोबर २०२५ ला पहिल्यांदा उडालं. त्याचा आकारच असा आहे की वेगवेगळ्या भागांतून निघणारे तरंग एकत्र येऊन दोन मोठे झटके होऊ नयेत. दुसरी वाट वातावरणाचाच उपयोग करते. खालची हवा गरम, तिथे ध्वनी जोरात जातो, म्हणून खाली येणारा तरंग वर वळू लागतो. विमानाचा वेग जमिनीलगतच्या ध्वनीच्या वेगापेक्षा कमी असेल, तर तरंग जमिनीला टेकण्याआधीच वळून जातो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत एक्सबी-१ हे विमान माख १.१२ पर्यंत गेलं आणि जमिनीवर दणका ऐकू आला नाही.

ही मर्यादा जागेनुसार आणि वेळेनुसार बदलते. नाशिकमध्ये उन्हाळ्यात दुपारी ३५ अंश तापमान असताना जमिनीजवळ ध्वनी सेकंदाला ३५२ मीटर जातो, त्यामुळे वर माख १.१७ पर्यंत दणका खाली येणार नाही. थंडीत पहाटे पारा १० अंशांवर असेल, तर तोच आकडा १.१२ वर येतो. वारा पाठीमागून की समोरून, यानेही तो सरकतो. प्रवासी विमानाला हे गणित वाटेतल्या प्रत्येक तासासाठी मांडावं लागेल आणि त्यातून मिळणारा वेग आजच्या प्रवासी विमानांच्या जेमतेम सव्वापट-दीडपट असेल. ओझरहून निघणाऱ्या सुखोईला किंवा तेजसला तो पुरत नाही, कारण त्यांची तपासणी या मर्यादेच्या बऱ्याच पुढे व्हावी लागते. त्यांच्यापुढे उंची राखणं, वस्तीपासून दूरचं क्षेत्र निवडणं आणि मंदावण्याआधी विमानाचं तोंड गावांकडे नसेल असं बघणं एवढंच उरतं. दिंडोरी-निफाडच्या लोकांना चाचणीच्या दिवशी आधी कळवता आलं, तर निदान भूकंपाच्या धास्तीने कोणी घराबाहेर पळणार नाही.