तार सरळ की गोल, आधी दिशा पाहा

धारवाडमध्ये पीयूसीच्या विज्ञान शाखेत शिकणारी मराठी मुलं एका गणितापाशी हमखास अडखळतात. लांब सरळ तार मध्येच वळवून तिचा एक गोल फेरा केला आहे. फेऱ्याच्या केंद्राशी चुंबकीय क्षेत्र किती?

गैरसमज: सूत्र फेऱ्याचं, तेवढं लावलं की झालं.

वस्तुस्थिती: सरळ भागही केंद्रापासून एका त्रिज्येवरून जातो. त्रिज्या 10 सेंटिमीटर आणि प्रवाह 5 अँपिअर धरा. फेऱ्याचं क्षेत्र μ₀I/2R म्हणजे 31.4 मायक्रोटेस्ला, सरळ तारेचं μ₀I/2πR म्हणजे 10. तार साधी गुंडाळून पुढे नेली, तर दोन्ही क्षेत्रं एकाच बाजूला येतात आणि बेरीज 41.4 होते. तीच तार टोकदार मोडून फेरा उलट फिरवला, तर उरतात 21.4. फेरा पिळून तारेशी काटकोनात उभा केला, तर मात्र बेरीज नाही आणि वजाबाकीही नाही. पायथागोरस लावून सुमारे 33. एकाच सामानाची ही तीन उत्तरं, म्हणून आकृती न पाहता सूत्र लिहिणाऱ्याला गुण मिळत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

पडताळा होकायंत्राने घेता येतो. फेरा उत्तर-दक्षिण उभा ठेवून केंद्राशी सुई ठेवा. पृथ्वीचं आडवं क्षेत्र इथे सुमारे 40 मायक्रोटेस्ला आहे. त्यामुळे साध्या फेऱ्यात सुई साधारण 46 अंश वळेल, उलट्या फेऱ्यात 28. सरळ भाग विसरलात, तर कागदावर 38 येतात आणि सुई ते मान्य करत नाही.

गैरसमज: सारखे विद्युतभार एकमेकांना ढकलतात, तसे एकाच दिशेचे प्रवाहही ढकलत असणार.

वस्तुस्थिती: उलट आहे. एकाच दिशेचे प्रवाह असलेल्या समांतर तारा एकमेकींना ओढतात, विरुद्ध दिशेचे असतील तर ढकलतात. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: एसीत प्रवाह सेकंदाला शंभरदा उलटतो, मग बल सरासरीने शून्य? नाही. जाणारी आणि परतणारी तार दोघी एकाच क्षणी उलटतात, त्यामुळे त्यांचं नातं बदलत नाही. बल धडधडतं, पण कायम ढकलणारंच राहतं.

हुबळी स्थानकाचंच उदाहरण घ्या. वरच्या तारेतून 500 अँपिअर जातो आणि साडेपाच मीटर खालच्या रुळांतून परततो, असं ढोबळ धरा. दर मीटरला बल 0.009 न्यूटन निघतं; 1507 मीटरच्या त्या लांबलचक फलाटाभर मिळून जेमतेम दीड किलोचं वजन. म्हणून तार या बलाने हलताना दिसत नाही. पण बल प्रवाहाच्या वर्गाने वाढतं. शॉर्टसर्किट होऊन प्रवाह दसपट झाला, की बल शंभरपट होतं. स्विचबोर्डात तर जाड पट्ट्या जवळजवळ बसवलेल्या असतात, तिथे अंतरही कमी. अशा वेळी पट्ट्या वाकू नयेत म्हणूनच त्यांना थोड्या थोड्या अंतरावर आधार देतात.