दोन टनांचा स्क्रू जॅक : गाभ्याच्या जाडीचा हिशेब

स्क्रू जॅकमध्ये ओझे पेलणारा मुख्य भाग म्हणजे उभा स्क्रू. बिडाच्या पोकळ बैठकीत वरच्या बाजूला ब्राँझचा नट घट्ट बसवलेला असतो आणि स्क्रू त्या नटातून फिरत वर चढतो. स्क्रूच्या डोक्यातल्या भोकात दांडा घालून तो फिरवतात. डोक्यावरची टोपी ओझ्याला टेकलेली राहते, ती स्क्रूबरोबर फिरत नाही. रचना एवढी सोपी असल्यामुळे डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या वर्गांत यंत्ररचनेचा हा नेहमीचा प्रकल्प असतो. तरीही या एका स्क्रूवर दाब, पीळ आणि वाक हे तिन्ही एकाच वेळी येतात. म्हणून केवळ दाबाचा हिशेब करून जाडी ठरवली, तर ती जवळजवळ नेहमीच अपुरी पडते.

उदाहरणासाठी २० किलोन्यूटन, म्हणजे साधारण दोन टन भार २०० मिमी उचलणारा जॅक घेऊ. स्क्रू मध्यम कार्बन पोलादाचा आहे. हे पोलाद दर चौरस मिमीला सुमारे ३३० न्यूटन ताणाला कायमचे वाकू लागते. सुरक्षा गुणांक ५ धरला तर प्रत्यक्षात ६६ न्यूटनच वापरायचे. त्या मानाने सुमारे ३०३ चौरस मिमी क्षेत्रफळ पुरते आणि गाभ्याचा व्यास २० मिमीच्या आत येतो. गाभा म्हणजे आट्यांच्या खाचा सोडून उरलेला भरीव दांडा. बाहेरून दिसणारा व्यास या हिशेबात धरायचा नसतो, कारण भार गाभ्यानेच पेलायचा असतो.

हे उत्तर केवळ सुरुवातीचे आहे. पीळ आणि वाक अजून मोजायचे असल्यामुळे पुढचे माप घ्यावे लागते. इथे बाहेरचा व्यास ३० मिमी आणि पिच ६ मिमी असे चौकोनी आटे घेतले आहेत. चौकोनी आट्याची खोली पिचच्या निम्मी असते, म्हणून गाभा २४ मिमी आणि सरासरी व्यास २७ मिमी येतो. साध्या बोल्टसारखे तिरप्या बाजूचे आटे इथे चालत नाहीत. त्यांच्यात घर्षण वाढते आणि नट बाहेरच्या बाजूला फाकवणारा जोरही तयार होतो.

स्क्रूचा एक आटा उलगडून सरळ केला तर तो एक चढण असते. सरासरी व्यासाच्या परिघावर, म्हणजे सुमारे ८५ मिमी अंतरात, ती ६ मिमी चढते. हा चढ सुमारे ४ अंशांचा आहे. पोलादी स्क्रू आणि ब्राँझचा नट यांच्यातला घर्षण गुणांक ०.१५ धरला, तर घर्षणाचा कोन साडेआठ अंश येतो. ओझे वर नेताना चढ आणि घर्षण दोन्ही आड येतात, म्हणून दोन्ही कोनांची बेरीज करायची. भार गुणिले सरासरी त्रिज्या गुणिले या बेरजेचा टॅन्जंट, असे केले की आट्यांवर लागणारा टॉर्क सुमारे ६० न्यूटन-मीटर मिळतो. टोपीखालचे घर्षण त्यात मिळवावे लागते. तिथली सरासरी त्रिज्या १५ मिमी धरली तर आणखी ४५ न्यूटन-मीटर लागतात. एकूण १०५ न्यूटन-मीटर झाले. माणूस दांड्याच्या टोकाला २५० न्यूटन, म्हणजे सुमारे २५ किलोचा जोर लावील असे मानले, तर दांडा ४२ सेंटिमीटरचा हवा.

आता गाभ्यावरचा ताण तपासता येतो. सरळ दाब दर चौरस मिमीला ४४ न्यूटन आहे. दांडा आणि नट यांच्यामधल्या भागावर पीळ येतो तो आट्यांच्या ६० न्यूटन-मीटरचाच. टोपीचे घर्षण दांड्याच्या वर असते, ते स्क्रूच्या अंगातून खाली जात नाही. या पिळामुळे २२ न्यूटनचा कातर ताण येतो. दोन्ही एकत्र केले तर कमाल कातर ताण ३१ न्यूटन होतो आणि सुरक्षा गुणांक ५ च्या थोडा वर राहतो. बहुतेक प्रकल्पवह्यांत हिशेब इथेच थांबतो.

पण दांडा एकाच बाजूने ओढला जातो. जॅक पूर्ण वर असताना दांडा नटाच्या २२० मिमी वर असतो, त्यामुळे २५० न्यूटनच्या ओढीने नटाच्या तोंडाशी ५५ न्यूटन-मीटरचा वाक येतो. या एका वाकाचा ताण ४० न्यूटन आहे, म्हणजे दोन टनांच्या दाबाच्या जवळपास तेवढाच. तो धरला की सुरक्षा गुणांक साडेतीनच्या आसपास उतरतो. ते चालते, पण २० मिमी गाभ्यावर समाधान मानले असते तर हीच जागा धोक्याची ठरली असती. ओझे टोपीच्या मध्यावरून फक्त ५ मिमी सरकले तर १०० न्यूटन-मीटरचा, म्हणजे जवळपास दुप्पट वाक येतो. जॅक नेमका मध्यावर आणि ओळंब्यात लावण्याचा आग्रह यासाठीच असतो.

दाबाखालचा लांब, बारीक दांडा चिरडण्याआधी बाजूला वाकून जातो. त्यालाच बकलिंग म्हणतात. लिओनार्ड ऑयलरने १७४४ मध्ये त्याचे सूत्र मांडले. त्यात पोलादाची ताकद येतच नाही, फक्त त्याची ताठरता, दांड्याची जाडी आणि लांबी येते. म्हणून असा बारीक दांडा महागड्या, जास्त मजबूत पोलादाचा केला तरी बकलिंगमध्ये काही फायदा होत नाही.

जॅकच्या स्क्रूचे खालचे टोक नटात घट्ट धरलेले असते. वरचे टोक ओझ्यासह बाजूला सरकू शकते, म्हणून ते मोकळे मानतात. अशा दांड्याची हिशेबातली लांबी खऱ्या लांबीच्या दुप्पट असते. २०० मिमी उचल, डोक्याचा भाग आणि नटातली निम्मी खोली मिळून २५० मिमी होतात, तेव्हा हिशेबात ५०० मिमी घ्यायचे. गोल दांड्याची घूर्णन त्रिज्या व्यासाच्या पाव, म्हणजे इथे ६ मिमी असते. ५०० ला ६ ने भागले की सडपातळपणाचा आकडा ८३ येतो. या पोलादासाठी ऑयलरचे सूत्र सुमारे १११ च्या वरच खरे ठरते. आपला स्क्रू त्या मानाने बुटका आहे, त्यामुळे जॉन्सनचे सूत्र वापरावे लागते. त्यात पोलादाची ताकदही मोजली जाते. त्यानुसार स्क्रू १०७ किलोन्यूटनला बकल होईल, म्हणजे भाराच्या पाचपटीहून थोडे जास्त. चुकून ऑयलरचे सूत्र लावले असते तर १३३ किलोन्यूटन हा खोटा दिलासा मिळाला असता.

हाच स्क्रू ४०० मिमी उचलीचा केला तर चित्र पालटते. लांबी ४५० मिमी होते, सडपातळपणा १५० वर जातो आणि ऑयलरचे सूत्र लागू पडते. स्क्रू ४१ किलोन्यूटनलाच बकल होतो आणि सुरक्षा गुणांक जेमतेम २ उरतो. दाब आणि पीळ यांचे आकडे मात्र होते तेच राहतात. म्हणजे उचल वाढवताना जाडी ठरवणारी कसोटीच बदलते. इथे गाभ्याऐवजी बाहेरचा ३० मिमी व्यास धरण्याची चूक फार महागात पडते. ऑयलरच्या सूत्रात व्यासाचा चौथा घात येत असल्यामुळे ताकद खरीपेक्षा जवळजवळ अडीचपट दिसते.

दांडा सोडल्यावर ओझे जिथल्या तिथे थांबले, तर त्या स्क्रूला सेल्फ लॉकिंग म्हणतात. अट अगदी साधी आहे: घर्षणाचा कोन आट्याच्या चढापेक्षा मोठा हवा. इथे साडेआठ अंशांसमोर चार अंश आहेत, म्हणून ओझे खाली आणायलाही २१ न्यूटन-मीटर उलटा टॉर्क लावावा लागतो. घर्षण गुणांक ०.०७ पर्यंत उतरला तरच आटे घसरण्याच्या काठावर येतात. चांगले तेल घातले आणि गुणांक ०.१० झाला तरी स्क्रू धरून राहतो. चाल वाढवण्यासाठी दोन सुरुवातींचे आटे पाडले, तर एका फेऱ्यात १२ मिमी चढते आणि चढ आठ अंशांवर जातो. कोरडा असताना तो कसाबसा थांबेल, तेल पडले की घसरेल. टोपीचे घर्षण तेव्हाही आधार देते, पण सुरक्षेच्या हिशेबात त्यावर विसंबू नये. जवळ इंजिन किंवा धक्के असतील तर थरथरीने घर्षण तात्पुरते घटते आणि थांबलेला स्क्रूही कणाकणाने उतरू शकतो. पूर्ण भारावर दांडा काढून घ्यावा, स्क्रू आणि नटावर खडूची एकच रेघ मारावी आणि काही वेळाने ती तुटली का ते पाहावे.

या अटीची किंमत कार्यक्षमतेत मोजावी लागते. आट्यांची कार्यक्षमता सुमारे ३२ टक्के आहे, टोपी धरून ती १८ टक्क्यांवर येते. सेल्फ लॉकिंग स्क्रूच्या आट्यांची कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही. बॉल स्क्रूची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास असते, पण तो भाराखाली उलटा फिरतो, म्हणून त्याला ब्रेक लावावाच लागतो.

नटाचा हिशेब छोटा आहे. पोलाद आणि ब्राँझ यांच्यात हाताने चालवण्याच्या जॅकसाठी दर चौरस मिमीला १२ न्यूटन दाब धरला तर सात आटे पुरतात. एक जादा घेऊन आठ केले तर नटाची उंची ४८ मिमी होते. झीज मुद्दाम ब्राँझवर टाकलेली असते, कारण नट बदलणे स्वस्त असते. स्क्रू नटात वर-खाली खुळखुळू लागला की नटाचे आटे पातळ झाले असे समजावे.

गाडीच्या सिझर जॅकमध्ये मात्र स्क्रू आडवा असतो आणि तो समोरासमोरचे दोन सांधे जवळ ओढतो. म्हणजे त्याच्यावर ताण येतो, दाब नाही. बकलिंगची तपासणी तिथे स्क्रूऐवजी दाबाखालच्या हातांची करायची. स्क्रूतला जोर म्हणजे भार भागिले हातांच्या आडव्याशी असलेल्या कोनाचा टॅन्जंट. गाडीचा ८ किलोन्यूटन भार हात १० अंशांवर असताना उचलू लागले तर स्क्रूवर ४५ किलोन्यूटन येतात, ४५ अंशांवर फक्त ८. उभ्या जॅकचा स्क्रू पूर्ण वर असताना सर्वांत धोक्यात असतो, सिझर जॅकचा पूर्ण खाली असताना. म्हणून सिझर जॅकच्या स्क्रूची जाडी सर्वांत खालच्या कोनावरूनच ठरवावी.