जिलेटिनऐवजी चायना ग्रास : आंब्याचा श्रीखंड केक आणि प्रमाणाचा हिशेब



उन्हाळा आला की आपल्या घरांतून भट्टीत न भाजता फ्रिजमध्ये सेट होणाऱ्या गोडाच्या पाककृती फिरू लागतात. आंब्याचा चीजकेक, नारळाचे पुडिंग, फळांची जेली असे बरेच काही. बहुतेक पाककृतींत एक ओळ असते, 'जिलेटिन १२ ग्रॅम', आणि शाकाहारी घरातली गृहिणी तिथेच थांबते. जिलेटिन जनावरांच्या कातडी आणि हाडांपासून काढतात, त्यामुळे ते आपल्याकडच्या पुष्कळ घरांत चालत नाही. सामूहिक जेवणाच्या पानात तर ते कोणाच्याही नकळत जाऊ नये, एवढी काळजी आपण सर्वांनीच घ्यायला हवी.

त्यावर उपाय म्हणून 'जिलेटिनऐवजी चायना ग्रास घाला' असे सांगितले जाते. सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच. तेवढ्याच वजनाचे चायना ग्रास घातले तर केक रबरासारखा होतो. वजन कमी करूनही कृती जिलेटिनचीच ठेवली, तर चक्क्यात साबुदाण्यासारखे कण होतात. म्हणून या लेखात आम्ही एकच पदार्थ घेतला आहे, आंब्याचा श्रीखंड केक. जिलेटिनची पाककृती चायना ग्रासवर कशी आणायची, ते त्यावरून पाहू.

दोन्हींचा स्वभाव

चायना ग्रास, म्हणजेच अगर अगर, हे लाल समुद्री शेवाळापासून काढतात. ते पूर्णपणे वनस्पतिजन्य आहे. बाजारात ते पांढऱ्या पारदर्शक पट्ट्यांच्या किंवा पावडरीच्या रूपात मिळते. आपल्या आजीच्या पिढीने त्याचा दुधाचा हलवा केलेला असतो, त्यामुळे वस्तू नवी नाही.

जिलेटिन गार पाण्यात भिजते, नुसत्या कोमट पाण्यात विरघळते आणि फ्रिजच्या गारव्यातच थिजते. ३० ते ३५ अंश सेल्सिअसला ते पुन्हा पातळ होते. म्हणून जिलेटिनचा पदार्थ जिभेवर विरघळतो आणि मे महिन्यात बाहेर ठेवला तर ताटातही विरघळतो.

चायना ग्रासचे उलट आहे. ते विरघळायला पाणी उकळावेच लागते, आणि उकळी आल्यावरही ३ ते ४ मिनिटे मंद आचेवर ढवळत ठेवावे लागते. मग ते निवताना ३५ ते ४० अंशांच्या आसपास, म्हणजे हाताला कोमट लागत असतानाच, थिजते. एकदा थिजले की ८५ अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय पुन्हा पातळ होत नाही. बडोद्याच्या किंवा इंदूरच्या उन्हाळ्यात कार्यालयातल्या टेबलावर तासभर राहिले तरी त्याच्या वड्या उभ्या राहतात. पण ते तोंडात विरघळत नाही, दातांखाली तुटते. म्हणून जिलेटिनइतका घट्टपणा त्यात आणायला जाऊ नये, त्याहून थोडे मऊच ठेवावे.

प्रमाण कसे काढावे

पावडर वापरत असाल तर जिलेटिनच्या वजनाच्या एक तृतीयांश चायना ग्रास, हा सुरुवातीचा हिशेब धरावा. सुरीने वड्या पाडायच्या असतील तर अर्धा लिटर पातळ पदार्थाला साधारण ४ ग्रॅम पावडर लागते. चमच्याने खायचे मऊ पुडिंग हवे असेल तर २ ते अडीच ग्रॅम पुरते. श्रीखंड केकमध्ये चक्का मुळातच घट्ट असतो, त्यामुळे तिथे एक किलो मिश्रणाला ४ ग्रॅम पुरे होते.

पट्ट्या वजनाने जवळपास तेवढ्याच घ्याव्यात. त्या कात्रीने बारीक कापून अर्धा तास गार पाण्यात भिजवाव्यात, निथळून मोजलेल्या पाण्यात घालाव्यात आणि एकही धागा दिसेनासा होईपर्यंत, म्हणजे ८ ते १० मिनिटे, उकळाव्यात. चमच्याचे माप मात्र टाळावे. चमचाभर पट्ट्या आणि चमचाभर पावडर यांच्या वजनात खूपच फरक पडतो.

घरच्या काट्यावर ४ ग्रॅम नीट मोजले जात नाहीत, ही अडचण खरी आहे. त्याला सोपी युक्ती आहे. १० ग्रॅमचे पाकीट कागदावर ओतून सुरीने त्याचे पाच सारखे ढीग करावेत. प्रत्येक ढीग २ ग्रॅमचा होतो. आपल्याला त्यांतले दोन हवेत.

पाकिटावरची घटकांची यादीही वाचावी. काही पाकिटांत साखर आणि स्वाद मिसळलेले असतात, त्यांना हा हिशेब लागू होत नाही. 'व्हेज जिलेटिन' नावाने मिळणारी पावडरही दरवेळी शुद्ध चायना ग्रास असतेच असे नाही. तिच्यासाठी पाकिटावर दिलेलेच प्रमाण घ्यावे.

आंब्याचा श्रीखंड केक

जिलेटिनच्या मूळ कृतीत चक्का ४०० ग्रॅम, फेटलेली क्रीम २०० ग्रॅम, आमरस २०० ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, जिलेटिन १२ ग्रॅम आणि ते भिजवायला ६० मिली पाणी असते. सगळे मिळून वजन एक किलोच्या थोडे आत भरते.

आपल्या कृतीत चक्का, आमरस आणि साखर तेवढेच राहते. बदल तीन आहेत. जिलेटिन १२ ग्रॅमऐवजी चायना ग्रास पावडर ४ ग्रॅम. पाणी ६० मिलीऐवजी १५० मिली, कारण थोड्या पाण्यात चायना ग्रास नीट विरघळत नाही आणि पातेल्याला चिकटून बसते. उकळताना यातले थोडे पाणी आटते. आणि क्रीम न फेटता तशीच घ्यायची, कारण आपले मिश्रण कोमट असणार आणि कोमट मिश्रणात फेटलेली क्रीम बसून जाते.

सर्वांत आधी चक्का आणि क्रीम फ्रिजमधून काढून दीड-दोन तास बाहेर ठेवावे. ही पायरी गाळू नये, कारण पुढे दिल्याप्रमाणे सगळे गणित तिच्यावर आहे. तोवर १५० ग्रॅम बिस्किटांचा चुरा ७० ग्रॅम पातळ केलेल्या लोण्यात कालवून १८ सेंटिमीटरच्या, तळ निघणाऱ्या डब्यात दाबून बसवावा आणि डबा फ्रिजमध्ये ठेवावा. चक्का पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून काढून क्रीममध्ये एकजीव करावा.

मग पातेल्यात गार पाणी घेऊन त्यावर चायना ग्रास पावडर भुरभुरावी आणि ५ मिनिटे तशीच ठेवावी. मंद आचेवर ढवळत उकळी आणून ३ मिनिटे उकळावे. चमचा वर काढून पाहावा. त्यावरचा थर काचेसारखा स्वच्छ दिसला पाहिजे. कणी दिसली तर आणखी मिनिटभर उकळावे. आता साखर घालून विरघळवावी आणि गॅस बंद करावा. दुसऱ्या भांड्यात आमरस हाताला सोसवेल इतका गरम करून तो या पाण्यात मिसळावा. आमरस चायना ग्रासबरोबर उकळू नये. आंबट पदार्थात उकळले की त्याची थिजण्याची ताकद कमी होते. लिंबू, संत्रे, कोकम यांनाही हाच नियम.

हे गरम मिश्रण बारीक धारेने चक्क्यात ओतत सतत ढवळावे, लगेच डब्यात ओतावे आणि डबा हलकेच आपटून बुडबुडे काढावेत. गार दिवसांत अर्ध्या तासात ते बाहेरच थिजते. मे महिन्यात खोलीच ३८-४० अंशांवर असते, त्यामुळे तेव्हा डबा दहा मिनिटांनी थेट फ्रिजमध्ये ठेवावा. दोन-तीन तासांत केक कापण्याजोगा होतो.

चक्का बाहेर का ठेवायचा

आमरस मिसळल्यावर चायना ग्रासचे मिश्रण सुमारे ४२५ ग्रॅम असते आणि त्याचे तापमान अंदाजे ६८ अंश. चक्का आणि क्रीम मिळून ६०० ग्रॅम. ते खोलीच्या तापमानाला, म्हणजे २८ अंशांवर असेल, तर दोन्ही एकत्र झाल्यावर तापमान ४५ अंशांच्या आसपास राहते. चायना ग्रास अजून पातळ आहे, त्यामुळे ढवळून डब्यात ओतायला आपल्याला काही मिनिटे मिळतात.

तोच चक्का फ्रिजमधून काढलेला, ६ अंशांवरचा असेल, तर मिश्रण एकदम ३२ अंशांवर येते. हे थिजण्याच्या तापमानाच्या खाली आहे. चायना ग्रास चक्क्याला स्पर्श होताच जागच्या जागी थिजते, कण होतात आणि उरलेला चक्का पातळच राहतो. जिलेटिनच्या कृतीत गार चक्का चालतो, म्हणून त्या पाककृतींत याचा उल्लेख नसतो.

बिघडले तर कसे ओळखावे

ओतण्यापूर्वी चमचाभर मिश्रण गार बशीत टाकून दोन मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावे. बोटाने ढकलल्यावर सुरकुती पडून गोळा एकसंध राहिला, की प्रमाण बरोबर आहे. तेवढा वेळ पातेले कोमट पाण्याच्या परातीत ठेवावे.

बशीतले पातळच राहिले तर चायना ग्रास पुरते उकळले गेलेले नाही किंवा पावडर कमी ताकदीची आहे. एक ग्रॅम पावडर ४० मिली पाण्यात वेगळी उकळून कोमट मिश्रणात मिसळावी. सगळे मिश्रण मात्र पुन्हा उकळू नये, चक्का फाटतो. याउलट पाण्याची किंवा सरबताची साधी जेली न थिजल्यास ती पुन्हा उकळून, पावडर वाढवून लावता येते.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या कडेला थोडे पाणी दिसते. हा चायना ग्रासचा स्वभावच आहे. केक झाकून ठेवावा, दीड-दोन दिवसांत संपवावा आणि ते पाणी टिपकागदाने टिपून घ्यावे. फ्रीजरमध्ये मात्र ठेवू नये. बर्फ होऊन वितळल्यावर त्याचा स्पंज होतो आणि पाणी सुटते.

चायना ग्रासची एक मर्यादाही सांगायला हवी. फेसाळ, हवेने हलका झालेला मूसचा पोत त्याने येत नाही. तसे गोड शाकाहारी करायचे असेल तर फेटलेली क्रीम आणि घट्ट चक्का यांच्याच जोरावर करावे आणि वाटीत वाढावे. याउलट ताज्या अननसाची किंवा पपईची जेली चायना ग्रासनेच होते. या फळांतले पाचक द्रव्य जिलेटिनचे बंध तोडते, त्यामुळे ती जेली थिजतच नाही. चायना ग्रासला त्याने काही होत नाही.

सामूहिक कार्यक्रमासाठी केक आणाल तेव्हा डब्यावर 'चायना ग्रास, जिलेटिन नाही' अशी चिठ्ठी लावावी, म्हणजे कोणाला विचारत बसावे लागणार नाही.