फॉर्म भरला, पण फ्लॅट घेतला का?

समजा, पुण्यातल्या एका बिल्डरच्या गूगलवर दोन जाहिराती चालू आहेत. दोन्हींवर महिन्याला लाख-लाख रुपये खर्च. पहिली नुसतंच ‘स्वस्तात टू बीएचके’ म्हणते. तिने २०० फॉर्म आणले, म्हणजे एक चौकशी ५०० रुपयांना. दुसरीत किंमत आणि ठिकाण सरळ सांगितलंय. तिचे ८०च फॉर्म आले, एक १,२५० रुपयांना. साहजिकच दुसरी बंद करण्याचा सल्ला मिळतो. प्रत्यक्षात पहिलीतून एक बुकिंग झालं, दुसरीतून चार!

गूगलला फॉर्म दिसतो, बुकिंग दिसत नाही. बुकिंग नोंदवलं जातं ते विक्री विभागाच्या सीआरएममध्ये. त्यामुळे गूगलची स्वयंचलित बोली, म्हणजे प्रत्येक क्लिकला किती मोजायचे हे ठरवणारी यंत्रणा, पटकन फॉर्म भरणारी माणसंच शोधत राहते.

दोघांना जोडतो एक सांकेतिक क्रमांक. खात्यात ऑटो-टॅगिंग चालू असेल, तर जाहिरातीवर क्लिक होताच वेबसाइटच्या पत्त्याला `gclid=` असं शेपूट लागतं. फॉर्ममध्ये एक छुपा रकाना ठेवून ते टिपायचं आणि ग्राहकाच्या नावासोबत सीआरएममध्ये जपायचं. बुकिंग झालं की अशी ओळ गूगलला पाठवायची (क्रमांक इथे अर्धवट दिला आहे):

```
Google Click ID,Conversion Name,Conversion Time,Conversion Value,Conversion Currency
EAIaIQob...,Booking,2025-03-14 17:30:00+0530,6500000,INR
```

वेळ बुकिंगची द्यायची, फाइल चढवल्याची नव्हे. क्रमांकातलं एखादं मोठं अक्षर लहान झालं तरी तो जुळत नाही. म्हणून तो हाताने लिहून घेण्याच्या भानगडीत पडू नये.

खरी अडचण पुढेच आहे. क्लिकनंतर ९० दिवस उलटले की गूगल अशी नोंद स्वीकारत नाही, आणि फ्लॅटचा निर्णय कुठे तीन महिन्यांत होतो? घरच्यांची संमती, बँकेचं कर्ज, मुहूर्त! शिवाय महिन्याला चार-पाच बुकिंगांवरून यंत्रणेला फारसं शिकताही येत नाही. म्हणून अलीकडचा टप्पा निवडावा: साइट व्हिजिट. प्रकल्प बघायला स्वतः आलेला माणूस फॉर्म भरणाऱ्यापेक्षा खरेदीच्या कितीतरी जवळ असतो. बोली साइट व्हिजिटवर ठेवावी आणि मुदतीत झालेली बुकिंगं वेगळ्या नावाने, फक्त पाहण्यासाठी पाठवावीत.

आणखी एक गंमत. मार्चमधलं बुकिंग जानेवारीतल्या क्लिकमुळे झालं असेल, तर कन्व्हर्जनच्या नेहमीच्या रकान्यात ते जानेवारीत दिसतं. त्यामुळे अलीकडचे आठवडे नेहमीच पडेल वाटतात. अशा वेळी घाईने जाहिरात बंद करू नका; आधी तुमच्याकडे क्लिकपासून साइट व्हिजिटपर्यंत साधारण किती दिवस जातात ते सीआरएममध्ये बघा आणि तेवढे दिवस सोडून मागचा हिशोब धरा.