पाकळी नको, हिशेब द्या

माजी विद्यार्थ्यांना शाळेकडून येणारी बहुतेक आवाहनपत्रं ‘शाळेच्या ऋणा’पासून सुरू होतात आणि ‘फूल ना फुलाची पाकळी’पाशी संपतात. कोणासाठी, कशासाठी आणि किती, हे मधे कुठेच नसतं. मग वाचणारा पाचशे रुपये पाठवतो आणि विसरून जातो.

तालुक्याच्या गावातली एखादी अनुदानित शाळा घ्या. आठवीपर्यंतची पाठ्यपुस्तकं सरकारकडून मोफत मिळतात. बाहेरगावाहून येणाऱ्या मुलींना एसटीचा पासही मोफत असतो. त्यामुळे ‘पुस्तकं आणि पास यांसाठी मदत करा’ असं मोघम लिहिलं, तर जाणकार माणूस तिथेच थांबतो. खरी ओढाताण नववीला सुरू होते. पुस्तकं विकत घ्यावी लागतात, सरावाच्या वह्या वाढतात, मुलग्यांना पासाचे पैसे भरावे लागतात आणि दहावीला बोर्डाची परीक्षा फी येते. पत्राने नेमकं इथे बोट ठेवायला हवं.

समजा, हा खर्च एका मुलामागे वर्षाला पाच हजार येतो आणि अशी वीस मुलं आहेत. म्हणजे वर्षाला एक लाख. हीच रक्कम ठेवीच्या सात टक्के व्याजातून काढायची, तर सव्वाचौदा लाखांहून अधिक कायम निधी लागेल. पहिल्याच पत्रात एवढं मागणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. त्यापेक्षा सरळ लिहावं : ‘एका मुलाची नववी-दहावी, वर्षाला पाच हजार, सलग दोन वर्षं.’ मदत अर्ध्यावर तुटली, तर मूल ऐन दहावीत अडकतं. म्हणून ‘सलग’ हा शब्द महत्त्वाचा.

पैसे जाणार कुठे, हेही पत्रातच हवं. विश्वस्त संस्थेच्या नावाचं स्वतंत्र बँक खातं, सह्या दोघांच्या आणि त्यांतला एक शाळेबाहेरचा. कुणा सरांच्या खासगी मोबाइलचा क्यूआर कोड दिसला, तर सर कितीही सज्जन असोत, पैसे पाठवू नयेत. प्राप्तिकराची सवलत संस्थेला तशी मान्यता असेल तरच मिळते, तीही जुन्या करप्रणालीत. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची देणगी ही कायद्याने परकीय देणगी ठरते. त्यासाठीची केंद्र सरकारची परवानगी संस्थेकडे नसेल, तर तसं पत्रात स्पष्ट लिहावं.

वर्षअखेरीच्या हिशेबात जमा, खर्च आणि शिल्लक यांबरोबरच किती मुलांनी शाळा सोडली तेही सांगावं. मुलांची नावं आणि धनादेश हातात दिलेले फोटो मात्र नकोत. गरिबीची जाहिरात ही मदतीची किंमत असू नये. निवड कुटुंबाचं उत्पन्न पाहून झाली की गुणांवरून, एवढं कळलं तरी पुरे.

पुढच्या वेळी असं पत्र आलं, तर पैसे पाठवण्याआधी गेल्या वर्षीचा लेखापरीक्षित हिशेब मागा.