रविवार कुठे गेला?
घरातल्या दारूबद्दल बोलायचे कधी, कसे आणि कुठे थांबायचे

ताईंनो, दारू घरात एका दिवसात शिरत नाही. ती आधी शनिवार घेते, मग बुधवार, मग रोजची संध्याकाळ. पैसा गेला की तो मोजता येतो. पण दोघांचा वेळ गेला हे बरेचदा लक्षातच येत नाही, कारण तो रोज थोडा थोडा जातो. या वेळी बोलायचे आहे ते त्या वेळाबद्दल, आणि तो परत मागायचा कसा याबद्दल.

आपल्या वस्तीत कुठेही सापडेल असे एक घर उदाहरणाला घेऊ. नवरा रंगकाम करतो, बायको चार घरची पोळीभाजी करते. दोन मुले आहेत. लग्नानंतरची बरीच वर्षे यांची पद्धत ठरलेली होती. संध्याकाळी सातला दोघांनी दारात बसून चहा घ्यायचा, आणि रविवारी विहारातली वंदना झाली की दोघांनी मिळून बाजार करायचा. शनिवारी पगार व्हायचा तेव्हा तो मित्रांबरोबर 'थोडी' घ्यायचा. कोणाला त्यात फार वावगे वाटले नाही.

मग एका साइटवर काम लांबले आणि बुधवारीही बसणे सुरू झाले. सातचा चहा साडेआठवर गेला, मग बंदच पडला. रविवारी डोके जड म्हणून बाजार तिने एकटीने करायला घेतला. मुलाच्या शाळेतल्या पालक सभेला तीच गेली. प्रत्येक वेळी कारण खरे वाटत होते. दोन वर्षांनी एका रविवारी भाजीची पिशवी उचलताना तिच्या मनात आले, आपण दोघे शेवटचे बरोबर कधी चाललो?

रात्रीचे भांडण का फुकट जाते

तोवर ती बोलत नव्हती असे नाही. रात्री साडेनऊला तो आला की दारातच सुरू व्हायचे. आवाज वाढायचा, शेजारचे डोकवायचे, मुले पांघरुणात तोंड घालायची. सकाळी तो म्हणायचा, "मी कुठं काय बोललो?" तिला वाटायचे, हा नाटक करतो. पण जास्त दारू पोटात असताना मेंदूत नवी आठवण नीट साठत नाही. माणूस चालतो, बोलतो, भांडतो, आणि सकाळी त्याला त्यातले काहीच आठवत नाही असे खरेच होते. म्हणजे रात्री बोललेले अर्धे बोलणे कोणाच्याच कानात उरत नाही. उरते ती फक्त शरम, आणि ती शरम घेऊन तो दुसऱ्या दिवशी घरी यायला आणखी उशीर करतो.

पाचव्या शीलाचेही असेच होते. "विहारात हात जोडता आणि इथं हे?" हे वाक्य रात्री तोंडातून जातेच. पण ते शील त्यालाही पाठ आहे. ते मोडल्याचे ओझे त्याच्या मनावर आधीच असते. भांडणात ते फेकून मारले की तो दारू सोडत नाही, विहारात येणे सोडतो.

आधी दोन आठवडे लिहा

या ताईने वेगळी सुरुवात केली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन आठवडे खुणा केल्या. पिऊन आला त्या दिवशी 'द', बरोबर चहा झाला त्या दिवशी 'च', शेजारी घरी यायची वेळ. बाटल्या शोधल्या नाहीत, खिसे तपासले नाहीत. चौदा दिवसांत 'द' बारा होते आणि 'च' दोन. दोन्ही रविवार तिने एकटीने काढले होते.

लिहिण्याचा फायदा असा की बोलताना "तुम्ही रोजच पिता", "तुम्हाला घराची कधीच काळजी नसते" असे मोठे शब्द लागत नाहीत. "रोजच" म्हटले की समोरचा एक न प्यायलेला दिवस शोधून काढतो, आणि वाद त्या एका दिवसावरच संपतो.

किती पितो तेही डोळ्यापुढे असू द्या. "एकच तर क्वार्टर घेतो," असे आपण सहज ऐकतो. क्वार्टर म्हणजे १८० मिली. लेबलवर ४२.८ टक्के लिहिलेले असेल तर तीत साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, म्हणजे ३० मिलीचे सहा पेग. एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा जास्त पिणे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने भारी पिणेच आहे. 'एकच' या शब्दावर जाऊ नका.

बोलायची वेळ आणि बोलायचे शब्द

तिने सकाळ निवडली. तो शुद्धीत असतो, कामावर जायला अर्धा तास असतो. पगाराचा दिवस टाळला, सोमवारची जड सकाळही टाळली. मुलांना दूध आणायला पाठवले, चहा पुढे ठेवला आणि म्हणाली:

"अहो, दोन मिनिटं ऐका. भांडायचं नाही मला. आपण दारात बसून चहा घ्यायचो ना, त्याची मला आठवण येते. या चौदा दिवसांत तो दोनदाच झाला. तुम्ही उशिरा येता तेव्हा मला भीती वाटते आणि एकटं वाटतं. येत्या बुधवारी कामावरून थेट घरी याल का? एवढंच मागते."

या बोलण्यात शिवी नाही, 'बेवडा' नाही, सासू-दिरांचे नाव नाही. जे घडले ते आहे, तिला काय वाटते ते आहे आणि मागणे एकच आहे. मागणेही मोजता येण्यासारखे आहे: बुधवार, थेट घर. "सुधारा जरा" असे म्हटले असते तर तो हो म्हणाला असता आणि काहीच ठरले नसते.

उत्तर गोड आले नाही. "माझ्या कष्टाची पितो. मी काय गटारात पडतो का?" ती एवढेच म्हणाली, "पडता असं मी म्हटलं नाही. मला तुम्ही बुधवारी घरी हवे आहात." आणि उठली. पहिल्या बोलण्यात होकार मिळतोच असे नाही. आवाज चढू लागला की विषय तिथेच ठेवायचा आणि आठवड्याने पुन्हा, तशाच सकाळी काढायचा. या घरात तिसऱ्या वेळी तो "बरं, बघतो" म्हणाला.

मधल्या काळात तिने दोन गोष्टी बदलल्या. तो शुद्धीत घरी असेल त्या वेळी जुने हिशेब काढायचे नाहीत, तो वेळ चांगला जाऊ द्यायचा. आणि तो पिऊन कामाला गेला नाही तर मुकादमाला "ताप आलाय" असा खोटा फोन करायचा नाही. आपण झाकत राहिलो की दारूचा परिणाम त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

बुधवारी कळलेली गोष्ट

तो बुधवारी खरेच थेट घरी आला. चहा झाला. पण रात्री त्याला झोप लागली नाही, अंग घामाने भिजले. सकाळी कप धरताना हात इतका थरथरला की चहा बशीत सांडला. "एक घोट घेतला की थांबतं हे," तो पुटपुटला.

ताईंनो, हे वाक्य नीट ऐका. न प्यायल्याने हात कापतात आणि प्यायल्यावर थांबतात, याचा अर्थ शरीराला दारूची गरज लागली आहे. अशा माणसाला "आजपासून एक थेंबही नाही" अशी शपथ घालणे किंवा घरात कोंडणे धोक्याचे आहे. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत थरथर, घाम, ओकारी, छातीत धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो: नसलेली माणसे दिसतात, दिवस-रात्र कळत नाही. यात जीव जाऊ शकतो. फिट किंवा भ्रम दिसला तर सकाळची वाट पाहू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात न्या.

त्या ताईने दारूचे नाव न घेता हाताचे नाव घेतले. "तुमचा हात असा राहिला तर ब्रश सरळ कसा चालेल? हात दाखवून येऊ." रंगाऱ्याला ते पटले. सिव्हिल हॉस्पिटलच्या मनोविकार विभागात दोघे गेले. तिथे रोज किती पितो आणि शेवटची कधी घेतली हे खरे सांगायचे, कमी करून नाही. त्यावरून डॉक्टर ठरवतात की औषध घरी द्यायचे की दाखल करायचे. काही दिवस औषध देऊन ते हळूहळू कमी करतात, म्हणजे शरीराला धक्का बसत नाही. सोबत बी-१ जीवनसत्त्व देतात, कारण फार पिणाऱ्यांत ते कमी पडते आणि त्याने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. थरथर थांबली म्हणजे व्यसन गेले असे नाही. पुढे समुपदेशन आणि ठरल्या तारखेला तपासणी महिनोन्‌महिने चालते.

दोन इशारे

पहिला: नवऱ्याला न सांगता भाजीत किंवा चहात 'दारू सोडवायची पावडर' घालू नका. अशा पुडीत काय आहे ते आपल्याला कळत नाही. डायसल्फिरॅम नावाचे खरे औषध असले तरी त्यावर दारू प्यायल्यास चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, मृत्यूही येऊ शकतो. ते औषध डॉक्टरच्या देखरेखीत आणि घेणाऱ्याच्या संमतीनेच द्यायचे असते.

दुसरा: हात उचलणाऱ्या माणसाला वरची बोलण्याची रीत लागू नाही. तिथे समजूत नंतर, आधी तुमचा आणि मुलांचा जीव. दारूच्या नशेत मारले तरी ती मारहाणच आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तुम्हाला संरक्षण आणि त्याच घरात राहण्याचा हक्क दिला आहे. तातडीला ११२, महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत.

दारूबद्दल सल्ला हवा असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही टेलिमानसची सरकारी मोफत सेवा आहे. नवरा तयार नसला तरी तुम्ही स्वतः फोन करू शकता. महिला मंडळातल्या एका विश्वासू ताईला सांगून ठेवा, पण चारचौघींत त्याच्यासमोर विषय काढू नका.

त्या घरात आज सगळे ठीक झाले आहे असे नाही. मधे एका पगाराला तो पुन्हा प्यायला. तिने त्या रात्री काही म्हटले नाही. दुसऱ्या सकाळी म्हटले, "तपासणीची तारीख शुक्रवारी आहे, मी सोबत येते." कॅलेंडरवर खुणा अजून चालू आहेत. मागच्या महिन्यात 'च' सतरा झाले. चारपैकी तीन रविवारी भाजीची पिशवी त्याच्या हातात होती.